मुलं बाहेर आली, पण सगळी आली का? शाळेचा आपत्कालीन आराखडा लिहिताना

पेडणे / डिचोली : शाळेच्या मॉक ड्रिलच्या वहीत साधारण एकच ओळ सापडते. ‘अग्निशमन दलाच्या मार्गदर्शनाखाली मॉक ड्रिल घेण्यात आले. सर्व विद्यार्थी तीन मिनिटांत सुखरूप बाहेर आले.’ खाली सही, शिक्का आणि सोबत मैदानात रांगेत उभ्या मुलांचा फोटो. तपासणीला एवढं पुरतं. पण या ओळीतून तीन गोष्टी कळत नाहीत. मुलं कुठल्या जिन्याने उतरली? ‘सर्व’ म्हणजे किती? आणि ती सर्वच आहेत हे कुणी, कशावरून ठरवलं?

6 डिसेंबर 2025 च्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून 25 जणांचा जीव गेला. त्यात बहुतेक क्लबचेच कर्मचारी होते. जागा रोजच्या पायाखालची असली म्हणून धुरात वाट सापडतेच असं नाही, हे त्या रात्री दिसलं. शाळेच्या बाबतीत हा धडा देशाने फार आधी घेतला होता. 16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपरापर्यंत गेली आणि 94 मुलं दगावली. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2009 रोजी निकाल दिला. शाळांच्या इमारतींनी राष्ट्रीय इमारत संहितेचे सुरक्षा नियम पाळावेत, आग विझवण्याची साधनं ठेवावीत आणि शिक्षकांना ती वापरायचं प्रशिक्षण द्यावं, असं त्यात सांगितलं आहे. 2016 मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. थोडक्यात, आराखडा हवा याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कागदावरचा आराखडा आपल्या इमारतीला लागू पडतो का, याचा. बऱ्याच ठिकाणी एकाच नमुन्याची झेरॉक्स फिरते आणि फक्त शाळेचं नाव बदलतं.

आराखड्याची सुरुवात जिन्यापासून करावी. उदाहरणासाठी आपल्या भागात सर्रास दिसते तशी एक दुमजली हायस्कूलची इमारत घेऊ. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे बारा वर्ग. सहा वर, सहा खाली. वर्गात सरासरी 35 मुलं धरली तर वरच्या मजल्यावर 210. ऑफिसजवळचा पुढचा जिना दीड मीटर रुंद आणि मागचा जुना जिना एक मीटर.

राष्ट्रीय इमारत संहितेत जिन्याच्या रुंदीचा हिशेब माणशी 10 मिलिमीटर असा आहे. त्या मापाने पुढच्या जिन्याची क्षमता 150 आणि मागच्याची 100, एकूण 250. वर मुलं 210. कागद म्हणतो, पास. पण आग पुढच्या जिन्याखालच्या मीटर बोर्डालाच लागली तर? धूर वर चढतो आणि जिना म्हणजे त्याला आयतं धुराडं. मग 210 मुलांसाठी उरतो तो 100 च्या मापाचा मागचा जिना. आराखडा लिहिणाऱ्याने खरा प्रश्न इथे विचारायचा असतो. सगळे जिने चालू असताना काय होईल हे महत्त्वाचं नाही. सर्वांत मोठा जिना बंद पडला तर काय होईल, ते आधी मांडायला हवं.

100 ची क्षमता म्हणजे एकशेएकाव्या मुलाला वाट मिळणार नाही असं नव्हे, त्याला थांबावं लागेल. ढोबळ अंदाज असा, की मीटरभर रुंदीच्या जिन्यावरून गर्दीत सेकंदाला एक माणूस उतरतो. दोन्ही जिने चालू असतील, चार वर्ग पुढून आणि दोन मागून गेले, तर सगळे दीड मिनिटात खाली येतात. पुढचा बंद झाला तर मागच्या जिन्याला 210 सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटं लागतात. घंटा ऐकून वर्ग उभा राहीपर्यंतचा वेळ वेगळाच.

यावर नवा जिना बांधणं हा उपाय आहेच, पण त्याला निधी, परवानगी आणि दोन-तीन वर्षं लागतात. त्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट करता येते. अशा इमारतीत तळमजल्यावर स्टाफरूम असते आणि वर्गाएवढीच एखादी सामानाची खोलीही असते. त्या दोन्ही वर हलवाव्यात आणि वरचे दोन वर्ग खाली आणावेत. वर 140 मुलं राहतात आणि एकट्या मागच्या जिन्याने ती दोन मिनिटं वीस सेकंदांत उतरतात. मिनिटाहून जास्त वेळ वाचला, तोही बाकं हलवण्याच्या मेहनतीवर. खाली आणायचे वर्ग निवडताना पाचवीची लहान मुलं आणि ज्या वर्गात चालायला त्रास असलेलं मूल आहे तो वर्ग आधी घ्यावा. तशा प्रत्येक मुलासाठी सोबत जाणाऱ्या दोन मोठ्या माणसांची नावं लिहून ठेवावी लागतात. एकच नाव लिहिलं आणि नेमकी ती बाई त्या दिवशी रजेवर असली तर काय, म्हणून दोन.

आता मागच्या जिन्याकडे प्रत्यक्ष जाऊन पाहायचं. कागदावर तो मार्ग असतो. जागेवर मात्र जिन्याखाली मोडकी बाकं, सरस्वती पूजनाचं मखर, मागच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे फलक आणि खालच्या ग्रिलला कुलूप असतं. चावी शिपायाकडे आणि शिपाई बँकेत गेलेला. भटकी माणसं किंवा कुत्री आत येऊ नयेत म्हणून कुलूप लावतात, कारण खोटं नसतं. पण शाळा भरलेली असताना ते कुलूप निघालंच पाहिजे. बाहेरच्यांना रोखायचं असेल तर आतून हाताने निघणारी कडी पुरते. आराखड्यात ‘मागचा मार्ग मोकळा ठेवावा’ असं वाक्य लिहून भागत नाही. पहिल्या घंटेआधी कुलूप कोण काढणार आणि ते काढल्याची खूण कुठे करणार, हे लिहावं लागतं. पावसाळ्यात आणखी एक पाहायचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे व्हरांड्यात छत्र्या आणि रेनकोट पसरलेले असतात आणि मागच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. एप्रिलमध्ये आखलेला मार्ग जुलैत तसाच राहत नाही.

जिन्यावरचा दुसरा धोका माणसांचाच. 10 सप्टेंबर 2009 रोजी दिल्लीत खजुरी खासच्या सरकारी शाळेत पावसाचं पाणी शिरलं, पाण्यात करंट आल्याची अफवा उठली आणि अरुंद जिन्यावर वर जाणारी व खाली येणारी मुलं समोरासमोर आली. चेंगराचेंगरीत पाच मुली गेल्या. आग नव्हतीच. त्यामुळे घंटा झाल्यावर जिना फक्त उतरण्यासाठी, हा नियम कुणालाही मोडता येऊ नये, दप्तर आणायला परत निघालेल्या मुलाला नाही आणि धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या ताईलाही नाही. जिन्याच्या वळणावर एक शिक्षक भिंतीला पाठ लावून उभा राहतो. त्याचं काम दोनच गोष्टींचं. दोन वर्ग एकमेकांत घुसू द्यायचे नाहीत आणि कुणी पडलं तर मागच्यांना तिथेच थांबवायचं. पीटी सरांना हे काम देण्याची पद्धत आहे, पण पीटी सर त्या वेळी बहुधा मैदानात असतात.

इथून भूमिकांचा विषय येतो. बहुतेक आराखड्यांत कोष्टक असतं : अमुक सर शोध पथक, तमुक बाई प्रथमोपचार. दोन वर्षांनी त्यातले निम्मे लोक बदलून गेलेले असतात. जबाबदारी नावावर न टाकता त्या वेळच्या जागेवर टाकली तर हा घोळ होत नाही. ज्या वर्गात ज्याचा तास चालू आहे तो त्या वर्गाचा. वर्गशिक्षक कोण हा प्रश्न त्या क्षणी गौण. ज्याचा तास रिकामा आहे आणि जो स्टाफरूममध्ये बसला आहे त्याने जिन्याचं वळण धरायचं. (स्टाफरूम वर नेण्याचा हा दुसरा फायदा.) वरच्या मजल्यावरून शेवटी उतरणाऱ्या शिक्षकाने संडास, प्रयोगशाळा आणि रिकामे वर्ग पाहून दारं ओढून घ्यायची. कड्या लावायच्या नाहीत. नुसतं बंद दारही धूर काही काळ अडवतं. शिपायाने मेन स्विच बंद करून फाटक सताड उघडायचं. दुपारी बालरथ येऊन फाटकातच उभे असतात, ते हलवल्याशिवाय अग्निशमन दलाचा बंब आत येणार नाही. म्हणून बालरथ कुठे उभा करायचा हेही आराखड्यातच ठरवायचं आणि चालकांना दाखवायचं.

घंटा कोण वाजवणार? पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, ‘मुख्याध्यापकांच्या आदेशानंतर’. इथेच गोम आहे. मुख्याध्यापक शिक्षण खात्याच्या बैठकीला पणजीत असतात आणि ज्याला धूर दिसला तो आदेश शोधत फिरतो. धूर दिसलेल्या कुणीही, अगदी आठवीतल्या पोरानेही, घंटा वाजवावी आणि चूक निघाली तर त्याला ओरडा पडू नये, असं स्पष्ट लिहावं. इलेक्ट्रिक बेल वीज गेल्यावर गप्प होते. म्हणून जुनी लोखंडी घंटा काढून टाकलेली असेल तर परत टांगावी. तास संपल्याचे टोल वेगळे आणि न थांबता वाजत राहणारी घंटा वेगळी, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं.

आता मैदान. जमायची जागा इमारतीच्या उंचीपेक्षा जास्त लांब हवी. वर विजेच्या तारा किंवा नारळ नसावेत आणि बंबाची वाट त्यातून जाऊ नये. कंपाउंडच्या चिऱ्यांच्या भिंतीवर प्रत्येक वर्गाचं नाव रंगवून ठेवलं की मधल्या सुट्टीत घंटा झाली तरी मूल स्वतः आपल्या जागी जातं. ड्रिल नेहमी तास चालू असताना घेतात कारण ते सोपं असतं. मधल्या सुट्टीत शिक्षक स्टाफरूममध्ये, मुलं नळावर, गाड्यावर, झाडाखाली. अवघड परिस्थिती तीच, म्हणून निदान एक ड्रिल त्या वेळी घ्यावं.

मग मोजणी. इथे रोख वहीसारखा ताळा लागतो. समजा, पटावर 420 मुलं आहेत आणि सकाळी हजेरी 398 लागली. हजेरीनंतर तीन उशिरा आली, झाली 401. अकरा जणांचा संघ हजेरी लावून म्हापशाला स्पर्धेला गेला, राहिली 390. एकाला ताप आला म्हणून वडील घेऊन गेले, 389. मैदानावर मोजली तर 388. हा एक कोण? शोधाशोध झाल्यावर कळतं, की दहावीच्या एका मुलाला बाईंनी नाक्यावर झेरॉक्स आणायला पाठवलं होतं आणि त्याची कुठेच नोंद नव्हती. ड्रिलमध्ये ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट होते. खऱ्या आगीत त्या एका आकड्यासाठी अग्निशमन दलाचा जवान धुरात शिरतो.

त्यामुळे ताळा जुळायचा तर सकाळपासूनची आवक-जावक लिहिलेली हवी. ऑफिसच्या दाराशी एक जाडजूड वही पुरे : आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, किती वाजता, कुणी पाठवलं. त्यात रंगकाम करणारे मजूर, सही घ्यायला आलेले पालक आणि शिक्षकही आले. घंटा झाल्यावर मुख्य कारकून ही वही आणि हजेरीपट घेऊन बाहेर पडतो, बाकी कुठलंही दप्तर नाही. प्रत्येक शिक्षकाकडे हिरवं आणि लाल अशी दोन कार्डं असावीत. वर्ग पुरा असेल तर हिरवं वर, कमी असेल तर लाल. कारकून फक्त लाल कार्डांकडे जातो. बेपत्ता मुलाला शोधायला शिक्षकाने परत आत जायचं नाही. शेवटचं कुठे दिसलं एवढं बंबावरच्या अधिकाऱ्याला सांगायचं. हे ऐकायला कठोर वाटतं, पण शिक्षक आत गेला की बेपत्ता दोन होतात आणि वर्ग वाऱ्यावर राहतो.

ड्रिलची वही याच अंगाने लिहावी. एखादी नोंद अशी दिसेल : ‘बुधवार, सकाळी 11.20, पाऊस, पूर्वसूचना दिली होती. पुढचा जिना बंद धरला. घंटा ते शेवटचे मूल बाहेर, 4 मिनिटे 10 सेकंद. घंटा ते ताळा पूर्ण, 9 मिनिटे. ताळ्यात फरक एक, कारण नोंद न करता बाहेर पाठवलेला विद्यार्थी. मागच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर दोन मुली घसरल्या. संगणक खोलीत घंटा ऐकू आली नाही. दुरुस्ती : पायऱ्या घासणे, शुक्रवारपर्यंत, शिपाई, संगणक खोलीसाठी माणूस पाठवणे, आजपासून, शेजारच्या वर्गाचे शिक्षक.’ पुढे दुरुस्ती झाल्याची तारीख आणि पाहणाऱ्याची सही. ही जागा कोरी राहिली तर पुढच्या ड्रिलला ती आधी वाचली जाते.

इथे दोन वेळा मुद्दाम वेगळ्या मांडल्या आहेत. बाहेर पडायला चार मिनिटं आणि मोजायला त्याच्या वर पाच. शाळांचा सगळा भर पहिला आकडा कमी करण्यावर असतो. मग मुलं धावतात आणि ओल्या पायरीवर पडतात. खरी सुधारणा दुसऱ्या आकड्यात होते, तिथे कुणी पडत नाही. आणि ज्या वहीत पाच ड्रिलमध्ये एकही चूक नाही, ती वही घरी बसून लिहिलेली समजायला हरकत नाही. पहिली दोन ड्रिल सांगून घ्यावीत. तिसरं न सांगता घेताना अग्निशमन केंद्र, पोलीस आणि पालक शिक्षक संघाच्या पदाधिकाऱ्यांना आधी कळवावं, नाहीतर व्हॉट्सॲपवर ‘शाळेला आग’ फिरतं आणि पाच मिनिटांत फाटकात दुचाकींची गर्दी होते.

सीमेवरच्या शाळांसाठी फोनचंही पाहून ठेवायला हवं. पत्रादेवी किंवा दोडामार्गच्या बाजूला मोबाइल कधी गोव्याचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा. तिथून लावलेला 112 दुसऱ्या राज्याच्या नियंत्रण कक्षात लागण्याची शक्यता धरून चालावं. पेडणे किंवा डिचोली अग्निशमन केंद्राचा थेट क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात असावा आणि फोनवर बोलताना आधी राज्य, तालुका, गाव सांगायचं, मग शाळेचं नाव. एकाच नावाच्या वाड्या दोन्हीकडे असू शकतात.

आणि या सगळ्या आराखड्याला उलटं वळण देणारी एक आपत्ती आपल्याकडे आहे, पूर. तिळारीचं धरण दोडामार्ग तालुक्यात आणि तीच नदी पुढे गोव्यात शापोरा होते. ऑगस्ट 2019 मध्ये धरणातून पाणी सोडल्यावर डिचोलीतलं साळ आणि पेडण्यातले इब्रामपूर, हणखणे, चांदेल या भागांत पाणी शिरलं होतं. आगीत सगळ्यांना खाली मैदानात आणायचं असतं. पुरात मैदान हीच सर्वांत धोक्याची जागा. म्हणून एकच घंटा दोन्हींसाठी चालत नाही. पुराचा इशारा घंटेने द्यायचा नसतोच. तो मामलेदार कार्यालय किंवा पंचायतीकडून फोनवर येतो आणि हाताशी तास-दोन तास असू शकतात.

तेव्हा ठरवायचं एकच : मुलांना घरी सोडायचं की वर ठेवायचं. बालरथाच्या वाटेवरची सखल जागा किंवा ओहोळावरचा छोटा पूल अजून कोरडा असल्याची खात्री त्या गावातल्या माणसाला फोन करून करावी. पाणी चढू लागलं असेल तर तो बालरथ निघणार नाही, मग पालक कितीही चिडोत. वाट कोरडी असेल तर लांबची मुलं आधी जातात, चालत जाणारी मुलं मोठ्या माणसाशिवाय सुटत नाहीत. प्रत्येक मुलापुढे कोण घेऊन गेलं आणि किती वाजता हे लिहिलं जातं. उरलेल्यांना वरच्या मजल्यावर न्यायचं. पिण्याचं पाणी, कोरडे कपडे, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी जूनपासून वरच ठेवलेली असावी, तळमजल्याच्या कपाटात नव्हे. मीटर बोर्ड खाली असेल तर पाणी व्हरांड्याला लागायच्या आधी मेन स्विच बंद होतो. आणि आवक-जावकीची ती जाडजूड वही या दिवशी शिपायाच्या हातून वर जाते, कारण संध्याकाळी एखाद्या आईचा फोन आला तर तिचं मूल कोणाबरोबर निघालं, हे त्याच वहीत पाहून सांगायचं असतं.